टोफू भुसभुशीत होतोय? आधी लिंबू बदला

लिंबाने किंवा व्हिनेगरने सोयाबीनचं दूध फाटतं खरं, पण दाणे बारीक पडतात आणि किंचित आंबटपणा राहतो. भुर्जीला चालेल. मऊ, गुळगुळीत वडी हवी असेल तर खाण्याच्या दर्जाचं जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) घ्या. हार्डवेअरच्या दुकानातलं प्लास्टर नको. तळायला घट्ट वडी हवी असेल तर निगारी, म्हणजे मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड.

पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवून दोन लिटर पाण्यात वाटा, गाळा आणि दूध सतत ढवळत दहा मिनिटं उकळा. उतू जातं, म्हणून भांडं मोठं घ्या. गॅस बंद करून ७५ ते ८० अंशांवर येऊ द्या. दोन चमचे जिप्सम अर्धा कप पाण्यात कालवा. ते विरघळत नाही, तळाशी बसतं, म्हणून ओतताना पुन्हा हलवा. दुधात दोनदाच हलका डाव फिरवा आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा. जास्त ढवळलंत तर गोळे तुटून चुरा होतो.

वरचं पाणी पिवळसर, नितळ दिसायला हवं. दुधाळ असेल तर चिमूटभर जिप्सम पाण्यात कालवून घाला. निगारी मात्र जपून, जास्त झाली की वडी कडवट लागते.