‘फ्रॉम’, ‘अंश’ आणि पेपरातली वेळ

प्रश्न : भाची डिचोलीच्या मराठी शाळेतून चौथी झाली, आता पाचवीला इंग्रजी माध्यम. तिला गणित येतं, पण पेपर पुरा होत नाही. ‘अंश म्हणजे न्यूमरेटर, छेद म्हणजे डिनॉमिनेटर’ अशी यादी पाठ करून घेतो आहोत. ती पुरेल का? या शब्दांसाठी वेगळा वेळ किती ठेवावा?

उत्तर : यादीने थोडंच काम होतं, कारण सगळे शब्द सारखा वेळ खात नाहीत. परिमितीला पेरिमीटर किंवा त्रिज्येला रेडियस म्हणायचं, एवढं मुलं आठवड्याभरात उचलतात. तिथे कल्पना तीच असते, फक्त नाव बदलतं. वेळ जातो तो मराठीत एकच असलेल्या शब्दाला इंग्रजीत दोन वाटा फुटतात तेव्हा. अपूर्णांकातला वरचा आकडा अंश, आणि कोन मोजतो तेही अंशच. इंग्रजीत पहिला न्यूमरेटर, दुसरा डिग्री. तसंच भागाकार ही क्रियाही आहे आणि तिचं उत्तरही. इंग्रजीत क्रिया डिव्हिजन, उत्तर कोशंट. ‘१०० ला ७ ने भागल्यावर कोशंट आणि रिमेंडर काढा’ असा प्रश्न इंग्रजीत आला, की यादीवर वाढलेलं मूल कोशंटपाशी अडतं. १४ आणि बाकी २ हे उत्तर तिला येत असतं, पण कुठला आकडा कुठल्या नावाखाली लिहायचा ते ठरत नाही.

याहून जास्त वेळ खातात ते यादीत कधीच न येणारे छोटे शब्द. ‘सबट्रॅक्ट ४८ फ्रॉम ७३’ हे वाक्य घ्या. मराठीत आपण ‘७३ मधून ४८ वजा करा’ म्हणतो, म्हणजे ज्यातून काढायचं तो आकडा आधी येतो. इंग्रजीत तो शेवटी येतो. मूल वाचलेल्या क्रमाने ४८ वर आणि ७३ खाली मांडतं. मग प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करत जातं : ८ मधून ३ गेले ५, ७ मधून ४ गेले ३, उत्तर ३५. बरोबर उत्तर २५. हातचा न घेता केलेल्या वजाबाकीतही ३५च येतात, म्हणून नुसतं उत्तर बघू नका. वर कुठला आकडा लिहिला आहे ते बघा. ४८ वर असेल तर चूक ‘फ्रॉम’ची, ७३ वर असेल तर हातच्याची. ‘टू थर्ड्स ऑफ २७’ मध्येही क्रम असाच उलटतो. आपण ‘२७ चे दोन तृतीयांश’ म्हणतो.

वेळ किती ठेवायचा हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. एकाच धड्यातली, सारख्याच कष्टाची दहा उदाहरणं एक दिवस मराठीत सांगून सोडवून घ्या, दोन दिवसांनी आकडे बदलून इंग्रजी वाक्यांत द्या. समजा मराठीत २० मिनिटं लागली आणि इंग्रजीत ३२, तर वरची १२ मिनिटं भाषेची. मराठीत सांगूनही उदाहरण चुकत असेल तर तो गणिताचा प्रश्न आहे, शब्दांवर वेळ घालवून तो सुटणार नाही. माझ्या मते अर्ध्या तासाच्या अभ्यासात पहिली दहा मिनिटं शब्दांना द्यावीत, आणि तीही धडा वर्गात सुरू व्हायच्या दोन दिवस आधीपासून. धडा चालू असताना नवं नाव आणि नवी रीत एकदम आली, की दोन्ही अर्धवट राहतात.

त्या दहा मिनिटांत पाचच शब्द घ्या, आणि ते स्वाध्यायातल्या प्रश्नांतून घ्या. वहीत इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्द न लिहिता सोडवलेलं छोटं उदाहरण लिहू द्या : ७/९ मांडून ७ कडे बाण, त्यावर न्यूमरेटर. असं का? जोड्या पाठ केल्या की पेपरात तिला इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून गणितात असा दुहेरी प्रवास करावा लागतो. बाणाची वही पहिला टप्पा वगळते. दुसऱ्या दिवशी मराठी न बोलता तेच प्रश्न द्या, मग आठवड्याने पुन्हा. ‘फ्रॉम’, ‘ऑफ’, ‘बाय’, ‘ईच’ यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारूनच आकडे मांडायचे, अशी सवय लावा.

मराठी पाठ्यपुस्तकांतून शिकलेल्या मुलांचा एक वेळ अंकांवरही जातो. देवनागरी १ आणि इंग्रजी 9, किंवा ४ आणि 8, घाईत एकमेकांसारखे दिसतात. सुरुवातीचे काही आठवडे रोज एक उदाहरण नुसतं उतरवून घ्या. उतरवताना चूक झाली तर ती शब्दांच्या खात्यात मोजू नका.

माध्यम बदललं म्हणून परीक्षेत वेळ वाढवून मिळत नाही, त्यामुळे हा फरक आधीच घरी कमी करावा लागतो. दर महिन्याला वरची मोजणी पुन्हा करा. दहा उदाहरणांमागे फरक तीन-चार मिनिटांवर आला की शब्दांची दहा मिनिटं पाचवर आणा, पण सोडू नका : पुढे विज्ञानात वजन आणि वस्तुमान येतात, आणि घरी ‘वजन किती?’ असं आपण किलोत विचारतो तेव्हा खरं तर जे वस्तुमान सांगतो, त्याला पेपरात मास म्हणतात, वेट नव्हे.