दोन पाकिटांचा विरोधाभास: चूक नेमकी कोणत्या ओळीत आहे?

प्रश्न: दोन पाकिटं आहेत, एकात दुसऱ्याच्या दुप्पट पैसे. मी न बघता एक उचललं. त्यात x रुपये असतील तर दुसऱ्यात एकतर 2x नाहीतर x/2, दोन्हीची शक्यता अर्धी-अर्धी. सरासरी काढली तर 1.25x येते, म्हणजे बदललेलंच बरं. पण बदलल्यावर तेच गणित पुन्हा लागू होतं! दोन्ही पाकिटं सारखीच आहेत हे मलाही दिसतं. मला चुकीची ओळ दाखवा.

उत्तर:

चुकीची ओळ ‘दोन्हीची शक्यता अर्धी-अर्धी’ ही आहे. एका अर्थाने ती बरोबरही आहे, आणि म्हणूनच ती सहज सापडत नाही. पाकीट न बघता उचललं तर ते लहान रकमेचं असण्याची शक्यता १/२, यात वाद नाही. पण तुम्ही लगेच पुढे रक्कम x धरता आणि x स्थिर ठेवून सरासरी काढता. तिथे प्रश्नच बदलतो. आता विचारायचं ते असं: माझ्या हातात x रुपये आहेत हे धरल्यावर माझं पाकीट लहान असण्याची शक्यता किती? ही सशर्त संभाव्यता झाली. x काहीही असला तरी ती १/२ च राहील, असं प्रश्नात कुठेही दिलेलं नाही. ते तुम्ही गृहीत धरलंत.

आकडे घेऊन बघू. समजा पाकिटं भरणाऱ्याने लहान रक्कम १००, २००, ४०० किंवा ८०० यांपैकी एक निवडली, चारही सारख्याच शक्यतेने. म्हणजे जोड्या चार: १००–२००, २००–४००, ४००–८००, ८००–१६००. जोडी कोणती आणि त्यातलं पाकीट कोणतं, असे एकूण आठ प्रकार होतात आणि प्रत्येकाची शक्यता १/८.

तुमच्या पाकिटात १०० असतील तर दुसऱ्यात २०० असणारच, कारण ५० कुठल्याच जोडीत नाहीत. इथे शक्यता अर्धी नाही, पूर्ण आहे, आणि बदलून १०० चा फायदा होतो. २०० असतील तर ते पहिल्या जोडीतले मोठे किंवा दुसऱ्या जोडीतले लहान. दोन्ही सारखेच शक्य, म्हणून तुमचं १.२५ चं गणित अगदी बरोबर लागू होतं आणि बदलण्याचा सरासरी फायदा ५०. ४०० असतील तर फायदा १००, ८०० असतील तर २००. आणि १६०० असतील तर दुसऱ्या पाकिटात ८०० च आहेत, बदललंत तर ८०० गेले.

आता बेरीज करा. १०० आणि १६०० दिसण्याचा प्रकार प्रत्येकी एकच, मधल्या तिन्ही रकमांचे प्रत्येकी दोन. त्यामुळे आठ प्रकारांत मिळून फायदा १०० + १०० + २०० + ४०० = ८००, आणि तोटाही ८००. हिशेब शून्यावर येतो. पाच रकमांपैकी चार रकमांना बदलणं फायद्याचं आहे, तरी न बघता बदलण्यात काहीच मिळत नाही, कारण सगळा फायदा एकट्या १६०० ने परत घेतला. तुमच्या युक्तिवादात हे १६०० चं टोकच नव्हतं. ‘कितीही रक्कम असो, दुप्पट होण्याची शक्यता अर्धी’ असं म्हणताना तुम्ही ते नकळत काढून टाकलं होतं.

इथून सर्वसाधारण नियम लगेच निघतो. लहान रक्कम s असण्याची शक्यता p(s) म्हणू. मग हातात x असताना आपलं पाकीट लहान असण्याची शक्यता अशी:

```
p(x) / ( p(x) + p(x/2) )
```

ही प्रत्येक x साठी १/२ यायची तर p(x) आणि p(x/2) नेहमी समान हवेत. म्हणजे १०० ची जितकी शक्यता तितकीच २०० ची, तितकीच ४०० ची, आणि असंच वर लाखो-कोटींच्या पलीकडे आणि खाली पैशाच्या अंशांपर्यंत, दोन्हीकडे न थांबता. अशा अनंत समान शक्यतांची बेरीज १ होऊच शकत नाही. त्या शून्य धरल्या तर बेरीज शून्य, शून्याहून थोड्या जास्त धरल्या तर अनंत. तेव्हा तुमच्या ओळीला शक्यतांचं जे वाटप लागतं ते अस्तित्वातच नाही.

या प्रश्नाला बहुतेक वेळा एक छोटं उत्तर दिलं जातं: दोन पाकिटांत मिळून 3s आहेत, तुमच्याकडे s असेल तर बदलून s मिळतात, 2s असेल तर s जातात, म्हणून फरक शून्य. उत्तर खरं आहे, पण मला ते अपुरं वाटतं. तुम्ही विचारलं होतं चूक कुठे आहे, आणि हे सांगतं फक्त योग्य उत्तर काय आहे. चूक दाखवायची तर वरच्याच उदाहरणात x कडे नीट बघावं लागेल. आपलं पाकीट लहान असतं तेव्हा त्यातल्या रकमेची सरासरी ३७५ आहे. मोठं असतं तेव्हा ७५०. दुसऱ्या पाकिटाची सरासरी काढताना पहिल्या भागात ३७५ ची दुप्पट आणि दुसऱ्या भागात ७५० ची निम्मी घ्यायला हवी. ७५० चा अर्धा भाग आणि ३७५ चा अर्धा भाग मिळून ५६२.५० होतात, आणि तीच आपल्याही पाकिटाची सरासरी आहे. तुम्ही दोन्ही भागांत एकच x लिहिला आणि तो बाहेर काढला, म्हणून १.२५ आलं.

पाकीट उघडून रक्कम बघायची परवानगी असेल तर मात्र गोष्ट वेगळी. वाटप माहीत आहे, तेव्हा १६०० सोडून बाकी सगळ्यांना बदला. मग आठांपैकी सात प्रकारांत मिळून निव्वळ ८०० चा फायदा होतो आणि १६०० वरचा ८०० चा तोटा टळतो. सरासरी ५६२.५० वरून ६६२.५० वर जाते. रक्कम बघणं ही खरी माहिती आहे, ती वापरून खरा फायदा होतो. रक्कम न बघता ‘समजा x आहेत’ असं म्हणण्याने माहिती मिळत नाही.

इथे बरेच जण थांबतात. पण मग एक फार सुंदर अडचण बघायची राहून जाते, आणि ती टाळली तर उत्तर अर्धवटच राहतं. अशक्य वाटप सोडा, पूर्णपणे कायदेशीर वाटप घ्या, तरीही प्रत्येक रकमेला बदलणं फायद्याचं ठरू शकतं. तत्त्वज्ञ जॉन ब्रूम यांनी १९९५ मध्ये असं उदाहरण मांडलं. लहान रक्कम १, २, ४, ८ अशी 2ⁿ च्या रूपात असते आणि तिची शक्यता 2ⁿ/3ⁿ⁺¹. म्हणजे १ ची १/३, २ ची २/९, ४ ची ४/२७, प्रत्येक वेळी आधीच्या दोन-तृतीयांश. बेरीज बरोबर १.

हातात १ असेल तर दुसऱ्यात २ नक्की. त्याहून मोठी कुठलीही रक्कम x असेल तर वरच्या सूत्रात p(x) हा p(x/2) च्या दोन-तृतीयांश आहे, म्हणून आपलं पाकीट लहान असण्याची शक्यता २/५ आणि मोठं असण्याची ३/५. दुसऱ्या पाकिटाची सरासरी २/५ गुणिले 2x अधिक ३/५ गुणिले x/2, म्हणजे 1.1x. कितीही रक्कम निघो, बदलून सरासरी निदान दहा टक्के जास्त. इथे कुठेही ‘अर्धी-अर्धी’ ची चूक नाही, सशर्त संभाव्यता नीट काढली आहे. तरी दोन्ही पाकिटं सममितच आहेत!

उकल समजायची तर हा खेळ मध्येच तोडा. समजा लहान रक्कम ५१२ पेक्षा मोठी असणारच नाही, म्हणजे सगळ्यात मोठं पाकीट १०२४ चं. शक्यतांची बेरीज पुन्हा १ व्हावी म्हणून त्या किंचित वाढवून घ्या. आता १ ते ५१२ पर्यंतच्या प्रत्येक रकमेला बदलणं फायद्याचं, आणि हा सगळा फायदा शक्यतेने गुणून मिळवला तर सुमारे २.२६ रुपये होतो. १०२४ हातात येण्याची शक्यता अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी, सुमारे ०.४४ टक्के. पण तेव्हा बदललं तर ५१२ जातात, आणि गुणाकार केला की तोटाही तोच, २.२६. मर्यादा आणखी वर नेली तर दोन्ही आकडे बरोबरीने वाढतात, दर पायरीला साधारण ४/३ पटीने. दुर्मीळ वरच्या टोकाचा तोटा खालच्या सगळ्या फायद्याला नेमका पुरतो.

ब्रूमच्या खेळात मर्यादा नाही, म्हणून ते टोकच नाही. फायदे जमा होत राहतात आणि परतफेडीची पायरी सतत पुढे ढकलली जाते. रकमेनुसार गट करून बेरीज केली तर ती अनंताकडे जाते. जोडीनुसार गट केले तर प्रत्येक जोडीत s चा फायदा आणि s चा तोटा सारख्याच शक्यतेने, म्हणून बेरीज शून्य. त्याच संख्या, गट वेगळे, उत्तरं वेगळी. असं तेव्हाच होतं जेव्हा फायद्यांची एकूण बेरीज आणि तोट्यांची एकूण बेरीज दोन्ही अनंत असतात. अशा वेळी ‘बदलण्याचा सरासरी फायदा’ ही संख्या अस्तित्वातच नसते.

म्हणून अचूक विधान असं: पाकिटातल्या रकमेची सरासरी सांत असेल तर प्रत्येक x ला बदलणं फायद्याचं असू शकत नाही. असतं, तर सगळ्या x वर सरासरी घेऊन दुसऱ्या पाकिटाची सरासरी आपल्यापेक्षा मोठी आली असती, आणि दोघांची सरासरी तर समान आहे. ब्रूमच्या खेळात ही सरासरीच अनंत आहे, त्यामुळे हा युक्तिवाद तिथे अडतो. दोन्ही बाजूंना अनंत असताना ‘मोठी’ म्हणण्याला अर्थ उरत नाही.

तुमचा पुढचा प्रश्न बहुधा असा असेल: ब्रूमच्या खेळात पाकीट उघडलं आणि ६४ निघाले, तर बदलायचं का? हो, बदलायचं. ६४ दिसले हे धरल्यावर दुसऱ्यात १२८ किंवा ३२ एवढंच शक्य आहे, शक्यता २/५ आणि ३/५, आणि सरासरी ७०.४०. हे गणित सांत आणि निर्दोष आहे. दुसरं पाकीट हातात असलेला माणूस त्यातले ३२ बघून ‘मी पण बदलतो’ म्हणेल आणि त्याचंही बरोबर असेल, कारण त्याने धरलेली अट वेगळी आहे. तुम्ही ६४ धरून मोजलंत, त्याने ३२ धरून. अडचण फक्त तेव्हा येते जेव्हा ‘कुठलीही रक्कम निघाली तरी मी बदललंच असतं’ यावरून ‘मग न उघडताच बदलतो’ असा निष्कर्ष काढला जातो. त्या उडीला सगळ्या रकमांवरची सरासरी लागते, आणि ती इथे नाही.