РЕСТОРАН म्हणजे 'पेक्टोपाह' नव्हे

प्रश्न: मुलगा मेडिकलला किर्गिझस्तानात बिश्केकमध्ये आहे, त्याने एका पाटीचा फोटो पाठवला. РЕСТОРАН असं लिहिलंय, मी 'पेक्टोपाह' वाचलं. अक्षरं सगळी इंग्रजी दिसतात, मग वाचायचं कसं?

ते रशियन 'रेस्तोरान' आहे, म्हणजे रेस्टॉरंटच. बोलताना रशियन लोक 'रिस्तरान'च्या जवळपास म्हणतात, कारण जोर शेवटच्या 'रान'वर पडतो आणि आधीचा ओ दबून जातो.

अक्षरं इंग्रजीतून आलेली नाहीतच. ही रशियनची सिरिलिक लिपी. सिरिलिक आणि रोमन दोन्हींचं मूळ ग्रीक, पण वाटा वेगळ्या. ग्रीकमध्ये Р हा आकार 'र'चाच होता आणि सिरिलिकने तो तसाच ठेवला, रोमनमध्ये मात्र त्याला खाली एक पाय फुटून आर झाला आणि पी वेगळ्याच अक्षरातून आला. गणितातला पाय आठवा, तो ग्रीक 'प', आणि सिरिलिकमध्ये आजही П म्हणजे प. Н ची गंमत अशी की जुन्या हस्तलिखितांत मधली रेघ तिरपी असायची, अगदी इंग्रजी एनसारखी, ती हळूहळू आडवी झाली आणि आपल्याला एच दिसायला लागला.

सवय लावायला रशियातल्या गाड्यांच्या नंबर प्लेट घ्या. त्यांवर फक्त 12 अक्षरं वापरतात, दोन्ही लिप्यांत आकार जुळणारी: А В Е К М Н О Р С Т У Х. यातली А, Е, К, М, О, Т आपल्या ओळखीचीच (Е कधी 'ये' होतो, तेवढं चालतं). फसवतात ती उरलेली सहा: В व, Н न, Р र, С स, У उ, आणि Х म्हणजे घशातून काढलेला ख, उर्दूतल्या 'खबर'चा. एवढी सहा पाठ झाली की अर्ध्या पाट्या सुटतात. मुलाला ЧАЙХАНА शोधायला सांगा, तिथे अशा पाट्या असतातच. Ч म्हणजे च, Й म्हणजे य, बाकी वरचीच अक्षरं, झालं 'चायखाना', आपल्या दवाखान्यातलाच खाना तो, फारसीतून दोन्हीकडे गेलेला.

पण हे सगळं मोठ्या छापील अक्षरांपुरतं हं. दुकानदाराने पाटी तिरप्या वळणदार अक्षरांत रंगवली असेल तर लहान т चक्क इंग्रजी एमसारखा दिसतो, п एनसारखा आणि и यूसारखा. औषधाचं दुकान АПТЕКА, वाचायला सरळ 'अप्तेका', पण त्या वळणात तेच 'अन्मेका' दिसतं. म्हणून असं काही विचित्र वाचलं गेलं की एमच्या जागी त आणि एनच्या जागी प घालून परत वाचायचं, शब्द बहुतेक वेळा लगेच सापडतो.