‘मोलाचं मार्गदर्शन’ म्हणजे नेमकं काय?

*‘मॅडम, मी सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. सहा आठवड्यांचं इनप्लांट ट्रेनिंग संपलं. साइट इंजिनिअर सरांना पाठवायला मेसेज लिहिलाय : “आपले मोलाचे मार्गदर्शन लाभले हे माझे भाग्य. मनःपूर्वक आभार.” माझ्या मित्रानेही त्याच्या सरांना हेच पाठवलंय. चालेल ना?’*

पाठवू नकोस, थोडं थांब. मित्राच्या सरांना जे लागू पडतं, त्यात तुझे सर कुठे आहेत?

ट्रेनिंगची डायरी उघड आणि एकच जागा शोध : सरांनी हातातलं काम थांबवून तुला काही दाखवलं, तो दिवस. बहुतेक वेळा तिथे तुझी एखादी चूक सापडेल. तीच कामाची.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीचा मेसेजही आधी तुझ्यासारखाच होता. मी विचारलं, ‘मार्गदर्शन म्हणजे काय केलं त्यांनी?’ तर म्हणाली, ‘खूप शिकवलं.’ मी पुन्हा विचारलं, ‘तू काय चुकलीस?’ मग तिला आठवलं. कॉलमचं कव्हर, म्हणजे लोखंडावरचा काँक्रीटचा थर, ती मुख्य सळईपासून मोजत होती. कव्हर धरतात सगळ्यात बाहेरच्या लोखंडापासून, आणि कॉलममध्ये बाहेर असते ती मुख्य सळयांभोवतीची रिंग. सळईपासून मोजलं की रिंगेच्या जाडीइतकं कव्हर कमी असूनही माप बरोबर दिसतं. शेवटी तिने लिहिलं ते असं :

‘सर, कॉलमचं कव्हर मी मुख्य सळईपासून मोजत होते. तुम्ही शटरिंगची चौथी बाजू लावायची थांबवलीत, टेप माझ्या हातात दिलीत आणि रिंगेपासून ४० मिमी मोजायला लावलंत. त्यानंतर प्रत्येक कॉलमला मी आधी रिंग बघायला लागले. शेवटच्या आठवड्यात तुम्ही मला एकटीला तपासायला पाठवलंत, त्याचा फार आनंद झाला. मनापासून आभार.’

यात ‘मोलाचं’ हा शब्द कुठेच नाही. सरांनी काय केलं आणि त्यानंतर तिच्या हातून काय वेगळं घडलं, एवढंच आहे. दुसरा भाग मुलं हमखास विसरतात. शिकवलेलं कामाला आलं, हे सरांना तिथेच कळतं.

असा एकच प्रसंग घे. सहा आठवड्यांतले दहा प्रसंग भरलेस तर तो ट्रेनिंगचा रिपोर्ट होईल. आठवत नसेल ते रचू नकोस, सर त्या दिवशी तिथेच होते. आणि चूक सांगायची तर स्वतःचीच सांग. ठेकेदाराची किंवा गवंड्याची चूक सरांनी कशी पकडली, हे कौतुकानेसुद्धा लिहू नकोस. मेसेज पुढे पाठवला जातो, आणि साइटवर तशी चूक झाली होती याचा तो लेखी पुरावा होऊन बसतो.

ग्रुपवर न टाकता सरांना वैयक्तिक पाठव, दोन दिवसांच्या आत. नोकरीबद्दल विचारायचं असेल तर त्यासाठी काही दिवसांनी वेगळा मेसेज कर.