बरणी भरल्यावर चार दिवस थांबा

ताई, गटात विक्रीसाठी कैरीचे लोणचे करण्याचे काम तुमच्याकडे आले आहे, म्हणून सर्वांत महत्त्वाचे तेवढेच सांगते. पाच किलो फोडींना साडेसातशे ग्रॅम मीठ आणि हळद लावून दोन दिवस ठेवा, सुटलेला खार निथळून घ्या आणि फोडी पंख्याखाली सुती कापडावर इतक्या कोरड्या करा, की दाबल्यावर बोटाला ओल लागणार नाही. नागपुरात जूनच्या मध्यानंतर हवा दमट होते, तेव्हा हे काम त्याआधीच उरकलेले बरे.

मसाला कालवून, तापवून पूर्ण गार केलेले तेल ओतल्यावर बरणी लगेच विकायला देऊ नका. माझ्या पहिल्या वर्षी मी त्याच दिवशी झाकणे लावली. फोडींनी तेल शोषले, पातळी खाली गेली आणि उघड्या पडलेल्या वरच्या फोडींवर आठवड्याभरात पांढरी साय धरली. म्हणून चार दिवसांनी झाकण उघडून, फोडींवर बोटभर तेल राहील इतके पुन्हा घाला. बुरशी दिसलीच, तर वरचा थर काढून बाकीचे देऊ नये, सगळी बरणी टाकावी.

लेबलवर ‘घरगुती’ लिहिले, तरी अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक लागतोच. शिवाय भरल्याची तारीख आणि घाण्याचा, म्हणजे एका वेळी केलेल्या लोणच्याचा, क्रमांक लिहा. माझ्या त्या पहिल्या वर्षी घाण्याचा क्रमांक होता, म्हणूनच शेजारणींच्या बरण्यांना हात न लावता माझ्या बारा बरण्या तेवढ्या परत मागवता आल्या.