पाणचक्की, पवनचक्की आणि आपलं जातं

प्रश्न : «नाशिकहून साक्रीकडे जाताना डोंगरावर ज्या पवनचक्क्या दिसतात त्या वीज तयार करतात, दळत काहीच नाहीत. मग त्यांना चक्की का म्हणायचं? पाण्यावर आणि वाऱ्यावर खरंच कधी पीठ दळत होते का? आणि दळत असतील तर कसं?»

दळत होते, आणि चक्की हे नाव त्या दळण्यावरूनच पडलं. दळण गेलं, नाव राहिलं. ‘चक्की’ हिंदीतून आपल्याकडे आली. मूळ संस्कृत ‘चक्र’, प्राकृतात ‘चक्क’. आपला खास शब्द ‘जातं’. तो ‘यंत्र’ या शब्दावरून ‘जंत’ होत होत आला. म्हणजे आजीचं जातं हे व्युत्पत्तीनं घरातलं अस्सल यंत्र. (जाता जाता: ‘घरघंटी’तल्या घंटीचा देवळातल्या घंटेशी संबंध नाही. गुजरातीत जात्यालाच घंटी म्हणतात.)

पाण्यावर दळायचं कसं, हे कळायला आधी जातं उघडून पाहावं. खालची तळी जमिनीत पक्की बसवलेली, तिच्या मधोमध ठोकलेली मेख. वरच्या तळीच्या तोंडात एक आडवी पट्टी असते, ती माकडी. माकडी मेखेवर टेकते, आपण खुंटा धरून वरची तळी फिरवतो. इथे मेख जागची हलत नाही, फिरते ती फक्त तळी.

पाणचक्कीनं एवढंच उलट केलं. मेखेच्या जागी एक लांब उभा कणा आला. तो खालच्या तळीच्या भोकातून आरपार खाली जातो आणि जोत्याखाली त्याला आडवं चाक बसवलेलं असतं, तिरप्या पात्यांचं. कण्याचं वरचं टोक माकडीत घट्ट अडकवलेलं. पाणी पात्यांवर आदळलं की चाक फिरतं, चाकाबरोबर कणा, कण्याबरोबर वरची तळी. खुंट्याची गरज संपली. मेख होती ती फिरायला लागली आणि माणूस बाजूला झाला.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की याच घडणीची. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली ती चक्की तिथल्या फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळायची. पाणी उत्तरेकडच्या डोंगरातून जमिनीखालच्या नहरीनं, मातीच्या नळांतून आणलेलं. हिमालयात याच जातीच्या चक्कीला घराट म्हणतात. संस्कृतात जात्याला ‘घरट्ट’ असा शब्द आहे, त्याचं हे नातलग.

आता पाणी नुसतं वाहून भागत नाही, ते पडावं लागतं. समजा पाट चक्कीच्या तीन मीटर वर आणून सोडला आणि तिथून उतरत्या पन्हळीनं पाणी खाली घेतलं. तळाशी त्याचा वेग सेकंदाला साडेसात मीटरच्या आसपास होतो. अशा चाकाची पाती पाण्याच्या साधारण निम्म्या वेगानं पळाली तर ती सर्वांत जास्त जोर घेतात. त्याहून सावकाश पळाली तर पाणी आदळून नुसतं उसळतं, त्याहून जोरात पळाली तर पाण्याचा रेटाच लागत नाही. निम्मा वेग म्हणजे पावणेचार मीटर. चाक एक मीटर रुंद असेल तर त्याचा घेर सव्वातीन मीटरला थोडा कमी, म्हणजे मिनिटाला सत्तरएक फेरे होतात. दगडालाही तेवढेच मिळतात, मध्ये दुसरं चाक लागत नाही, आणि दळायला ही गती चांगली. संथ नदीत, सेकंदाला मीटरभर वाहणाऱ्या पाण्यात हेच चाक बुडवलं तर दहाच्या पुढे फेरे जायचे नाहीत. म्हणून गोदावरीच्या भर पात्रात असं चाक ठेवून उपयोग नव्हता. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात खडक. या चक्कीला थोडं पण एकसारखं पाणी लागतं, आणि संभाजीनगरला ते नहरीनं दिलं.

जोर किती? त्याच तीन मीटरांवरून सेकंदाला पन्नास लिटर पाणी पडलं तर पाण्यात जवळपास 1,470 वॅट असतात. साध्या लाकडी चाकाच्या हाती त्यातले तीस टक्के लागले तरी 440 वॅट झाले. धडधाकट माणूस तासन्‌तास 70 वॅटच्या आसपास काम करू शकतो. म्हणजे सहा जणी एका जात्याला बसल्यासारखं, आणि कुणाचेही खांदे दुखत नाहीत.

दाणे घालायचीही सोय अशीच साधी. तळीच्या तोंडावर पाभरीला असतं तसं चाडं टांगलेलं, त्याच्या तळाशी एक पन्हळ. पन्हळीला बांधलेली काठी फिरत्या दगडावर घासत राहते. दगड फिरला की काठी थरथरते आणि दाणे पडतात. दगड जोरात तर दाणे जास्त, दगड थांबला तर दाणे बंद. वैरण घालायला माणूस नको. चाडं रिकामं झालं तर मात्र घोटाळा: दगडावर दगड घासतो, आवाज बदलतो, टाकी मारून आणलेला खरबरीतपणा झिजतो, दगडाचा चुरा पिठात येतो. युरोपात त्यासाठी चाड्यात दाण्यांच्या वजनावर अडवून ठेवलेली घंटा असे, दाणे संपत आले की वाजायची. तळ्यांमधली फट कण्याखालच्या तरफेनं कमी-जास्त करतात. फट मोठी झाली तर पिठाऐवजी भरड पडते. फार लहान झाली तर पीठ गरम येतं, हाताला चटका बसतो आणि करपल्याचा वास येतो. तेवढ्यावरून दळणारा तरफ उचलायचा. आपल्या बायका माकडीखाली चिंधी घालून किंवा काढून तेच करत.

वाऱ्याचं काम जास्त अवघड. इराणच्या पूर्वेकडे, खुरासान-सीस्तान भागात उभ्या कण्याच्या पवनचक्क्या आहेत. तिथे उन्हाळ्यात महिनोन्‌महिने वारा एकाच दिशेनं वाहतो. म्हणून एका बाजूला भिंत घालून अर्धी पाती झाकतात, उरलेल्या अर्ध्यांवर वारा रेटतो. रचना पाणचक्कीसारखीच: पाती, सरळ कणा, दगड. हॉलंडात वारा दिशा बदलतो, तिथे हे जमत नाही. तिथे पाती वाऱ्याच्या समोर आणायला आधी सगळी चक्कीच खांबावर फिरवत, पुढे फक्त वरची टोपी. पात्यांचा कणा आडवा, त्यामुळे लाकडी दातेरी चाकांनी गती वळवून उभ्या कण्यावर आणायची. हे मोठे पंखे मिनिटाला पंधराएक फेरे घेत. दगडाला शंभराच्या आसपास हवेत, म्हणून मोठ्या चाकानं लहान चाक फिरवून सातपट वाढवत.

वाऱ्याची खरी खोड वेगळी. वारा निम्मा झाला की जोर निम्मा होत नाही, आठव्या हिश्श्यावर येतो. पाणी हौदात साठवता येतं, वारा साठवता येत नाही. त्यामुळे पवनचक्कीवाला वारा असेल तेव्हा रात्रीही दळायचा, आणि वादळात पात्यांवरचं कापड गुंडाळायला धावायचा.

साक्रीकडच्या चक्क्यांतली बरीच यंत्रं अजूनही असाच गुणाकार करतात. पाती सावकाश, आत दातेरी चाकं, पुढे वेगानं फिरणारा कणा. फक्त कण्याच्या टोकाला तळी नाही, जनित्र आहे.

आणि एक, लिहिताना ‘पाणचक्की’च लिहा, पाणबुडा, पाणकोंबडीसारखं. ‘पानचक्की’ हे हिंदी ‘पनचक्की’च्या नादानं होतं, आणि मराठीत त्याचा अर्थ पानं दळणारी असा कुणीही घेईल.