सीटी बदलली, गुणक तोच राहिला: ४१ महिन्यांचं पुरवणी बिल भरायचं का?

प्रश्न : वकीलसाहेब, कोल्हापूरजवळ आमची छोटी फाउंड्री आहे, ११ केव्हीचं उच्चदाब कनेक्शन. फेब्रुवारी २०२२ मध्ये करार मागणी, म्हणजे एका वेळी घ्यायचा ठरलेला जास्तीत जास्त भार, ३०० वरून ५५० केव्हीए करून घेतली. तेव्हा वीज कंपनीच्या लोकांनी क्युबिकलमधल्या, म्हणजे मीटरच्या बंद कपाटातल्या, सीटी बदलल्या, मीटरसाठी प्रवाह कमी करून देणारे ते ट्रान्सफॉर्मर. मीटर मात्र तोच ठेवला. दर महिन्याचं बिल आम्ही वेळेवर भरत आलो. या जुलैत, २०२५ ला, भरारी पथक आलं आणि म्हणालं की मीटरवरच्या आकड्याला ज्याने गुणून बिल काढतात तो गुणक १ लागतोय, तो २ हवा. ऑगस्टमध्ये मार्च २०२२ पासूनच्या ४१ महिन्यांचं १ कोटी ६० लाखांचं पुरवणी बिल आलं. पंधरा दिवसांत भरा, नाहीतर लाइन तोडू, म्हणतात. चूक त्यांची, मग आम्ही का भरायचं? मीटर सदोष असेल तर तीन महिन्यांचंच बिल घेता येतं ना?

उत्तर : तीन महिन्यांचा मुद्दा आधी सोडा. ती मर्यादा सदोष मीटरसाठी आहे. तुमचं मीटर त्याच्याकडे आलेला प्रवाह बरोबर मोजत होतं, चुकला तो नंतरचा गुणाकार. या मुद्द्यावर भर दिलात तर ग्राहक तक्रार निवारण मंचासमोर पहिल्याच तारखेला तुमची बाजू लंगडी पडेल.

गुणक कसा निघतो ते पाहा, कारण सगळा वाद त्यावर आहे. बसवलेल्या सीटी आणि पीटी, म्हणजे मीटरसाठी व्होल्टेज कमी करून देणारा ट्रान्सफॉर्मर, यांच्या गुणोत्तरांचा गुणाकार करायचा आणि त्याला मीटरमध्ये नोंदलेल्या सीटी-पीटी गुणोत्तरांच्या गुणाकाराने भागायचं. तुमच्या कागदांनुसार मीटरमध्ये २०/५ ची सीटी आणि ११०००/११० ची पीटी नोंदलेली आहे. पीटी बदलली नाही, म्हणून ती दोन्हीकडून कटते. नवी सीटी ४०/५ असेल तर ४०/५ म्हणजे ८, जुनी २०/५ म्हणजे ४, आणि ८ भागिले ४ म्हणजे २. पथकाचं गणित बरोबर आहे, पण सीटी खरोखर ४०/५ वर जोडलेली असेल तरच.

हा 'तरच' महत्त्वाचा आहे. बाजारात दुहेरी गुणोत्तराच्या सीटी सर्रास असतात. त्यांच्या नावपट्टीवर ४०-२०/५ असं लिहिलेलं असतं आणि जोडणी दोन्हींपैकी कोणत्याही गुणोत्तरावर करता येते. पथकाने नुसती पट्टी वाचून अहवाल लिहिला असेल, तर तो पुरावा अपुरा आहे. कोणते टर्मिनल जोडलेत याची नोंद पंचनाम्यात आहे का, ते पाहा. नसेल तर दोन्ही पक्षांसमोर सीटीची गुणोत्तर चाचणी करा, अशी लेखी मागणी लगेच करा.

दरम्यान तुमच्या इलेक्ट्रिशियनला एक साधी पडताळणी करता येईल. भट्टी स्थिर भारावर असताना ट्रान्सफॉर्मरच्या ४३३ व्होल्टच्या बाजूला क्लॅम्प मीटर लावा. समजा ४६० अँपिअर आले. ११००० भागिले ४३३ म्हणजे साधारण २५.४, म्हणून उच्चदाबाच्या बाजूला सुमारे १८ अँपिअर असायला हवेत. त्याच क्षणी मीटरच्या पडद्यावर प्राथमिक प्रवाह ९ दिसला, तर गुणक २ च आहे. १८ दिसला, तर पथक चुकलं. उच्चदाबाच्या बाजूला मात्र कुणाला हात लावू देऊ नका, क्युबिकल कंपनीच्या सीलबंद ताब्यात आहे.

तुमच्याकडचा दुसरा पुरावा तुमच्याच विरुद्ध जाऊ शकतो, हेही आत्ताच सांगतो. वितळाचं रजिस्टर काढा आणि मीटरवरची युनिटं टनांनी भागा. लोखंड वितळवायला सिद्धांतानेच टनाला चारशेच्या आसपास युनिट लागतात, प्रत्यक्षात इंडक्शन भट्टी सहाशेच्या घरात जाते. मार्च २०२२ पासून हा आकडा एकदम अर्ध्यावर, तीनशेवर आला असेल, तर गुणकाचा वाद घालण्यात अर्थ नाही. मग भांडण फक्त किती महिने आणि किती रक्कम, एवढंच उरतं.

महिन्यांच्या बाबतीत तुमची बाजू बरीच भक्कम आहे. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६(२) मध्ये थकलेली रक्कम वसूल करायला दोन वर्षांची मुदत आहे. गुणक चुकल्यास ती लागू होते का, यावर मुंबई उच्च न्यायालयात मतभेद होते. रोटोटेक्स पॉलिएस्टर प्रकरणात गुणक १००० ऐवजी ५०० लागला होता आणि तिथे ग्राहकाला मुदतीचा आधार मिळाला नाही. पुढे हा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. १२ मार्च २०१९ च्या निकालात पीठाने म्हटलं, की पहिली मागणी ज्या तारखेला झाली तिच्या मागच्या दोन वर्षांपलीकडचा आकार कंपनीला मागता येत नाही. म्हणजे ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२५ हे २४ महिने द्यावे लागतील, त्याआधीचे १७ गळतील. सरासरीने धरलं तर मागणी ९४ लाखांवर येते.

पण कंपनीचा वकील सर्वोच्च न्यायालयाचा प्रेम कॉटेक्स निकाल घेऊन येणार, हे धरून चला. ऑक्टोबर २०२१ चा हा निकाल नेमका गुणकाचाच आहे : हरियाणातल्या सूतगिरणीला १० ऐवजी ५ लागला होता आणि तीन वर्षांनी मागणी आली. न्यायालयाने तिला सेवेतली त्रुटी मानलं नाही. रक्कम 'प्रथम देय' होते, म्हणजे दोन वर्षं मोजायला सुरुवात होते, ती बिल दिल्यावर, असं म्हटलं. त्याआधी रहमतुल्ला खान निकालात, फेब्रुवारी २०२० मध्ये, चुकीमुळे राहिलेली रक्कम मुदतीनंतरही मागता येईल, पण तिच्यासाठी वीज तोडता येणार नाही, असं ठरलं होतं. महाराष्ट्रात मंच आणि विद्युत लोकपाल मोठ्या पीठाच्या आधारे २४ महिन्यांचा निर्णय देत आले आहेत. तरी कंपनी तो उच्च न्यायालयात नेऊ शकते, म्हणून उरलेल्या १७ महिन्यांची रक्कम पुस्तकातून लगेच पुसू नका.

'चूक त्यांची' हा युक्तिवाद मूळ रकमेपुरता चालणार नाही, वीज तुम्ही वापरली आहे. तो व्याज आणि विलंब आकाराविरुद्ध वापरा. तो काढून टाकण्याचे आणि हप्ते देण्याचे आदेश लोकपालांनी दिलेले आहेत.

आता रक्कम. अनेकदा जुनं बिल सरळ दुप्पट केलेलं असतं, आणि ते चूक आहे. युनिटं दुप्पट होतील, दिवसाच्या वेळेनुसार मिळणारी सवलतही त्याच प्रमाणात वाढायला हवी. मागणी आकार मात्र दुप्पट होत नाही. मीटरवर मागणी २३० केव्हीए दिसत असताना तुम्हाला करार मागणीच्या ठरावीक टक्क्यांवर, म्हणजे २३० पेक्षा जास्तीवर आकारणी झाली असणार. खरी मागणी ४६०, तेव्हा फरक फक्त त्या दोन आकड्यांमधला. महिनावार तक्ता मागा. तो मिळाल्याशिवाय आकडा मान्य करू नका.

पंधरा दिवसांची नोटीस फेकून देऊ नका. ती कलम ५६(१) खाली आहे का, पाहा. त्याच कलमाच्या परंतुकानुसार, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारा मासिक आकार, यातली कमी रक्कम निषेध नोंदवून भरलीत, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. रक्कम भरताना 'निषेधासह' हे शब्द पत्रात लिहा आणि पोच घ्या. चालू बिलं नव्या गुणकाने येतील, ती थकवू नका.

बिलाच्या डोक्यावर कलम १२६, म्हणजे अनधिकृत वापराचं कलम, लिहिलेलं असेल तर मात्र वेगळी गोष्ट. तिथे मंचाला अधिकार नाही, कलम १२७ चं अपील ३० दिवसांत आणि निम्मी रक्कम भरूनच करावं लागतं. गुणकाची चूक हा अनधिकृत वापर नाही, त्यामुळे तसं लिहिलं असेल तर तीस दिवस संपायच्या आत मला बिलाची प्रत पाठवा. नसेल तर ग्राहक तक्रार निवारण मंचात तक्रार आणि तोडणी थांबवण्याचा अंतरिम अर्ज एकत्रच दाखल करा. सोबत फेब्रुवारी २०२२ चा सीटी बदलाचा अहवाल जोडा. तुमच्याकडे नसेल तर कंपनीकडून लेखी मागा, कारण सीटी कोणत्या तारखेला बदलली हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची आहे.